बेडरूम कोंदट, पण दोष भलत्याच खिडकीचा

पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट. घरात नवरा-बायको, तीन वर्षांचा मुलगा आणि मुलाची आजी. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी सगळ्या खिडक्या नव्या केल्या होत्या. जुने लाकडी पल्ले काढून तीन ट्रॅकच्या स्लायडिंग खिडक्या बसवल्या, दोन पल्ले काचेचे आणि एक डासांच्या जाळीचा, आणि बाहेरून नक्षीदार पांढरं ग्रिल. दिसायला काम नीटनेटकं होतं. मला बोलावलं ते तीन तक्रारींसाठी. बेडरूममध्ये हवा खेळत नाही, जाळी असूनही रात्री डास येतात, आणि मुलगा ग्रिलवर चढायला लागलाय.

“मॅडम, बेडरूमची खिडकीच काढून टाकू या,” मुलाचे वडील पहिल्याच भेटीत म्हणाले. “स्लायडिंग अर्धीच उघडते, हे आम्हाला आधी कुणी सांगितलंच नाही. बाहेर उघडणारे पल्ले लावू.”

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. दोन पल्ल्यांच्या स्लायडिंगमध्ये एक पल्ला दुसऱ्यामागे जातो, म्हणून खिडकी कितीही मोठी घेतली तरी उघडते निम्मीच. बिजागरीवरचे पल्ले जवळजवळ पूर्ण उघडतात. पण एखादी खिडकी बदलायची ठरवण्याआधी मी हवा कुठून येते यापेक्षा ती कुठून बाहेर जाते ते बघते. दाराच्या चौकटीला वरून टिश्यू पेपरची एक लांब पट्टी चिकटवली. बेडरूमची खिडकी उघडी, दार उघडं, बाहेर झाडाची पानं हलताना दिसत होती, आणि पट्टी मात्र जवळजवळ सरळ लटकलेली. मग पॅसेजच्या टोकाची छोटी खिडकी जाळीसकट पूर्ण बाजूला सारली. जाळी बाजूला असल्यामुळे काचेमागची उघडी जागा मोकळी झाली, आणि पट्टी पॅसेजकडे तिरकी झाली.

बेडरूममधून आत आलेल्या वाऱ्याला बाहेर पडायला तेवढा एकच रस्ता होता, पॅसेजच्या टोकाची ती खिडकी. बेडरूमची खिडकी १५०० बाय १२०० मिमीची, म्हणजे १.८ चौरस मीटर. पॅसेजची ६०० बाय ९००, म्हणजे ०.५४ चौरस मीटर. भिंतीतल्या या भोकातून वाऱ्याला प्रत्यक्षात किती मिळतं, हे एकेक थर वजा करत पाहावं लागतं.

स्लायडिंगमुळे बेडरूमच्या १.८ चे ०.९ झाले. पल्ल्यांच्या पट्ट्या वजा जाऊन उरले साधारण ०.८. त्यावर जाळी. नेहमीची फायबरग्लासची जाळी इंचाला १८ बाय १६ धाग्यांची असते आणि धागा ०.२८ मिमी जाड. तिच्या एका घराचं गणित मांडलं तर जाळीचा सुमारे ६६ टक्के भागच मोकळा भरतो, बाकी सगळा धागा. म्हणजे ०.८ चे ०.५३. ग्रिलच्या गजांनी आणखी आठवा हिस्सा खाल्ला आणि उरले ०.४६. तोच हिशेब पॅसेजच्या खिडकीला लावला तर ०.५४ चे अखेर ०.१४ उरतात. बेडरूमची खिडकी पॅसेजच्या खिडकीच्या तिपटीहून मोठी, आणि वारा तरी त्या ०.१४ मधूनच बाहेर पडणार.

एकामागोमाग एक असलेल्या दोन वाटांचा मिळून होणारा परिणाम बेरजेने निघत नाही. प्रत्येक क्षेत्रफळाच्या वर्गाने एकाला भागायचं, ते दोन्ही आकडे मिळवायचे, आणि त्या बेरजेच्या वर्गमुळाने पुन्हा एकाला भागायचं. तसं केलं की ०.४६ आणि ०.१४ या दोन खिडक्या मिळून ०.१३ चौरस मीटरच्या एका भोकाएवढ्याच ठरतात. आता वडिलांच्या म्हणण्याप्रमाणे बेडरूमला बाहेर उघडणारे पल्ले लावले, तर तिची मोकळी जागा ०.४६ वरून ०.८७ होते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. पण दोन्ही खिडक्यांचा मिळून आकडा ०.१३४ वरून ०.१३८ वर जातो. एवढा खर्च, एवढी तोडफोड, आणि फरक अंगाला जाणवणारही नाही. उलट बेडरूमला हात न लावता फक्त पॅसेजच्या खिडकीला पूर्ण उघडणारा एक पल्ला दिला, तर तिचे ०.१४ चे ०.२५ होतात आणि मिळून आकडा ०.२२ वर पोचतो. म्हणजे दीडपटीहून जास्त.

हा हिशेब ढोबळ आहे. मंद वाऱ्यात जाळी या हिशेबातल्या ३४ टक्क्यांपेक्षाही जास्त अडवते, आणि धूळ बसलेली जाळी त्याहून जास्त. पण दोन पर्यायांत कुठे पैसे घालावेत हे ठरवायला तो पुरतो. वडिलांना मी हे कागदावर लिहून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “म्हणजे ज्या खिडकीत आम्ही कधी उभेही राहत नाही, ती बदलायची.”

“रात्री बेडरूमचं दार कसं असतं?” मी विचारलं. इथे उत्तर अडलं. आजी हॉलमध्ये झोपतात, त्यांचा टीव्ही उशिरापर्यंत चालू असतो, म्हणून दार बंद. दार बंद झालं की वरचा सगळा हिशेब कोसळतो. दाराखालची फट जेमतेम १० मिमीची, ८०० मिमी रुंदीच्या दाराला ती ०.००८ चौरस मीटर भरते. दारावर झरोका काढावा असं मनात आलं, पण दाराच्या डोक्यावर लगेच बीम होती, तिला हात लावता येत नाही. शेवटी उपाय निघाला तो अगदी साधा: दार १५० मिमी उघडं अडकवून ठेवणारा आकडा. २ मीटर उंच दारात ती फट ०.३ चौरस मीटर होते. तीन वाटा एकामागे एक धरूनही आकडा ०.१८ च्या आसपास येतो, म्हणजे आधी दार सताड उघडं असताना जेवढं होतं त्यापेक्षा जास्तच. शिवाय वाऱ्याने दार आपटायचं थांबतं, मुलाची बोटं सापडत नाहीत. आजींनी टीव्हीचा आवाज कमी ठेवण्याचं कबूल केलं. ती वाटाघाट मी केलेली नाही.

आता पॅसेजची खिडकी. बिजागरीचा पल्ला म्हटला की लगेच प्रश्न येतो, पल्ला, जाळी आणि ग्रिल यांचा क्रम काय. तिन्ही एकाच जाडीच्या भिंतीत बसवायचे असतात आणि पल्ल्याला फिरायला मोकळी जागा हवी असते. पल्ला बाहेर उघडायचा तर ग्रिल आतल्या बाजूला घ्यावं लागतं, नाहीतर पल्ला गजांवर आपटतो. जाळी त्याच्याही आत. मग पल्ला ढकलायला आधी जाळी उघडा, गजांमधून हात घाला, आणि नेमक्या त्या दोन मिनिटांत डास आत. बाहेरची काच पुसणं तर विसराच. पुष्कळ घरांत असा पल्ला एकदा उघडला जातो आणि मग वर्षभर तसाच राहतो, किंवा कायमचा बंद.

पल्ला आत उघडला तर क्रम सुटसुटीत होतो: सर्वांत बाहेर ग्रिल, मध्ये जाळी, आत पल्ला. जाळी न हलवता पल्ला उघडता-मिटता येतो. याची अडचण अशी की उघडा पल्ला खोलीत येतो, पडदा अडवतो, डोक्याला लागतो. म्हणून बेडरूममध्ये मी हे सहसा सुचवत नाही. पण ही खिडकी पॅसेजच्या टोकाच्या भिंतीत होती. नव्वद अंशांत उघडलेला पल्ला बाजूच्या भिंतीला समांतर जातो आणि आकड्याने तिथेच अडकून राहतो. पॅसेज एक मीटर रुंद, त्यामुळे जायला-यायला जागा पुरेशी उरत होती. आत उघडणाऱ्या पल्ल्याचा दुसरा दोष म्हणजे पाऊस. पाणी पल्ल्याच्या खालच्या कडेवरून सरळ आत येतं. त्यासाठी पल्ल्याच्या तळाला बाहेरून पाणपट्टी लावली, सिलला बाहेरच्या बाजूला उतार दिला, आणि वर छज्जा होताच. छज्जा नसता तर मी दुसरं काही शोधलं असतं.

डासांचं कोडं मात्र बेडरूमच्या खिडकीतच होतं. जाळी शाबूत, तरी डास. आम्ही दिवसा खोली पूर्ण अंधारी केली, खिडकीवर बाहेरच्या बाजूने काळं कापड घातलं आणि त्याच्या आतून टॉर्च फिरवत नेला. उजेडाच्या तीन रेघा दिसल्या. पहिली मधोमध, जिथे काचेचा पल्ला आणि जाळीचा पल्ला एकमेकांवर येतात. तीन ट्रॅकच्या खिडकीत काच अर्धवट उघडी ठेवली की जाळीच्या कडेची पट्टी काचेच्या पट्टीसमोर येत नाही आणि दोन पल्ल्यांमध्ये बोटभर रुंदीची उभी वाट मोकळी राहते. त्यांना वाटायचं काच थोडी उघडी ठेवली की डास कमी येतील. होत होतं उलटं. जाळीचा पल्ला एका टोकाला भिडलेला आणि काच दुसऱ्या टोकाला पूर्ण सरकलेली, एवढी एकच स्थिती डासबंद असते. आम्ही ट्रॅकवर दोन खुणा करून ठेवल्या.

दुसरी रेघ पल्ल्याच्या वरच्या कडेला. ट्रॅकमधली ब्रशपट्टी दबून चपटी झाली होती. कागदाचा तुकडा पल्ला बंद करून मध्ये अडकवून ओढायचा, अडकत अडकत आला तर ब्रश ठीक, सहज निघाला तर गेलेला. ही पट्टी स्वस्तातली आणि बदलायला सोपी, आणि तिच्याकडे कुणीही लक्ष देत नाही. तिसरी रेघ खालच्या ट्रॅकमधून, पाणी निघायला ठेवलेल्या खाचांतून. शेजारच्या खोलीत डास येतात म्हणून वडिलांनी तिथल्या खाचा सिलिकॉनने बुजवल्या होत्या, आणि पावसात त्या ट्रॅकमधून पाणी ओसंडून फरशीवर आलं होतं. खाचा बुजवायच्या नसतात. त्यांवर बाहेरून जाळीचा बारीक तुकडा किंवा झडपेची टोपी बसवायची, म्हणजे पाणी जातं आणि डास येत नाहीत.

जाळी बदलायची का, हा प्रश्न आलाच. १८ बाय १६ च्या जाळीचं भोक साधारण १.१ बाय १.३ मिमीचं असतं, डासांना ते पुरेसं लहान आहे. त्याहून बारीक जाळीचा आग्रह लोक धरतात, पण वाळूमाशीसारख्या चिमुकल्या कीटकांचा त्रास नसेल तर ती घेऊन आपण फक्त वारा गमावतो. इथे नव्हता, म्हणून जाळीचं माप तेच ठेवलं. पॅसेजच्या खिडकीला मात्र फायबरग्लासऐवजी स्टेनलेस स्टीलची जाळी घेतली, कारण ती पाण्याने जोरात धुता येते आणि वाऱ्याचा सगळा भार आता त्याच खिडकीवर होता. ती काढून धुता यावी म्हणून आतून क्लिपा. बेडरूमची जुनी जाळी आम्ही काढून साबणाने धुतली तेव्हा पाण्याचा रंग पाहून आजी म्हणाल्या, “आठ महिने हे नाकात जात होतं होय?” नाकात जात नव्हतं, जाळीत अडकत होतं, पण वारा त्याच्याच मागे अडकत होता.

जाळीबद्दल एक गोष्ट मी प्रत्येक घरात सांगते. ती पडण्यापासून वाचवत नाही. मुलाने रेलून अंग टाकलं तर जाळी चौकटीतून सुटते, मग ती स्टीलची असो वा फायबरची. ते काम ग्रिलचं.

आणि इथलं ग्रिल ते काम करत नव्हतं. खालून १५० मिमीच्या अंतराने तीन आडव्या पट्ट्या, वर १४० मिमी व्यासाची वर्तुळं. सिल जमिनीपासून ७५० मिमीवर. मुलासाठी ही शिडीच होती: सिलवर गुडघा, पहिल्या पट्टीवर पाय, दुसरीवर पाय. वर्तुळांचं माप त्याहून वाईट. लहान मूल पाय आधी घालतं, अंग बाहेर जातं आणि डोकं अडकतं. म्हणून गजांमधली मोकळी जागा कुठेही १०० मिमीपेक्षा जास्त नको. तपासायला १०० मिमी व्यासाचा एक चेंडू किंवा पाइपचा तुकडा पुरतो, तो कुठूनही पार जाता कामा नये. चोरीच्या दृष्टीनेही तेच अंतर उपयोगी पडतं. या खिडकीच्या खाली गाड्या लावण्याच्या जागेचा सपाट स्लॅब होता, त्यावर उभं राहून माणूस ग्रिलला हात लावू शकत होता. मी स्वतः उभी राहिले. ग्रिल चार स्क्रूंवर होतं, स्क्रूंची डोकी बाहेरून, आणि ते चौकटीत नसून गिलाव्यात होते. चोराला गज कापायची गरजच नव्हती.

नवीन ग्रिल १२ मिमीच्या चौरस उभ्या गजांचं केलं, दोन गजांत १०० मिमीपेक्षा थोडी कमी मोकळी जागा. १२०० मिमी लांबीचा एवढा बारीक गज मध्ये आधार नसला तर जॅकने फाकवता येतो, म्हणून आडवी पट्टी लागतेच. प्रश्न ती कुठे ठेवायची हा. खालची पट्टी सिलपासून ८० मिमीवर, तिच्यावर पाय ठेवला तरी काही उंची मिळत नाही. दुसरी थेट ७५० मिमीवर, तिथपर्यंत मुलाचा पाय पोचत नाही. तिसरी डोक्याशी. गज पट्ट्यांना नुसते चिकटवले नाहीत, पट्टीला भोकं पाडून त्यांतून आरपार घेतले आणि मग वेल्डिंग केलं. पाय भिंतीत १०० मिमी खोल रोवले.

मुलाच्या आईला जुनी नक्षी आवडत होती आणि साधे उभे गज तिला तुरुंगासारखे वाटत होते. तिचं म्हणणं मी गंभीरपणे घेतलं, कारण ती खिडकी रोज बघणार ती तीच. नक्षीला जागा होती, ७५० च्या पट्टीच्या वर. तिथे चढायचा धोका नाही, आणि पानांच्या वळणांमधलं अंतर १०० च्या आत ठेवलं की झालं. दुसरी गोष्ट रंगाची. पांढरा गज उजेड परतवतो म्हणून आतून पाहताना आधी गज दिसतो आणि मग बाहेरचं झाड. गडद राखाडी, चमक नसलेला रंग दिला की नजर गजांवर अडत नाही. जाळीचंही तसंच, काळसर जाळीतून बाहेरचं स्पष्ट दिसतं, पांढऱ्या जाळीतून धुकं. मधला गज मी काचेच्या दोन पल्ल्यांच्या जोडपट्टीच्या बरोबर मागे आणला, म्हणजे एक रेघ कमी दिसते.

आजींना बाहेर काढलेलं पिंजऱ्यासारखं ग्रिल हवं होतं, कुंड्या ठेवायला. त्याला मी नाही म्हटलं. कुंड्या आणि माती यांचं वजन रोवलेल्या पायांवर येतं, वरच्या मजल्यावर जायला तो पिंजरा आयती पायरी होतो, आणि त्यात मूल उतरून बसतं. आजी नाराज झाल्या.

आगीचा विचार फॅब्रिकेटरच्या पहिल्या नकाशात नव्हता. बेडरूममधून बाहेर पडायचा दुसरा रस्ता ही खिडकीच होती आणि खाली स्लॅब होता, म्हणजे रस्ता खरोखर वापरण्याजोगा. ब्रिटनच्या इमारत नियमांत अशा सुटकेच्या खिडकीची मोकळी जागा निदान ०.३३ चौरस मीटर आणि कुठलीही बाजू ४५० मिमीपेक्षा कमी नको असं आहे, अमेरिकेत ती ०.५३ च्या आसपास मागतात. आम्ही ग्रिलमध्ये ६०० बाय ९०० चा उघडणारा भाग ठेवला, ०.५४. दुसऱ्या नकाशात तो डाव्या बाजूला होता, आणि मी सहज विचारलं की काच कुठल्या बाजूला उघडते. उजवीकडे. म्हणजे ग्रिलचं दार उघडून समोर बंद काच राहिली असती. काच, जाळी आणि ग्रिल तिन्ही एकाच बाजूला उघडली पाहिजेत. तो भाग उजवीकडे घेतला, बिजागऱ्यांच्या खिळ्यांची टोकं वेल्डिंगने बंद केली. किल्ली खिडकीपासून मीटरभर लांब, मोठ्यांच्या हाताला लागेल अशा उंचीवर खिळ्याला, म्हणजे बाहेरून काच फोडून हात घातला तरी पोचत नाही आणि मुलाच्याही हाती लागत नाही. मग रात्री दिवे घालवून आईला उघडायला सांगितलं. पहिल्यांदा कुलूपच निघेना, नवं असूनही करकचून बसलेलं. कुलूप बदललं. दुसऱ्यांदा निघालं. दर दोन-तीन महिन्यांनी हे एकदा करून बघायचं असं ठरलं.

काम लागलं तेव्हा एक चूक झालीच. पॅसेजच्या खिडकीचं माप फॅब्रिकेटरने फक्त मधोमध घेतलं होतं आणि भिंत वरच्या बाजूला ८ मिमी बाहेर होती. जाळीची चौकट खाली घट्ट, वर डाव्या कोपऱ्यात फट. डोळ्याला दिसत नव्हती, टॉर्चने दिसली. पट्टी घालून ती भरली. माप रुंदीचं तीन ठिकाणी, उंचीचं तीन ठिकाणी आणि दोन्ही कर्ण असं घ्यायचं असतं, आणि सगळ्यांत लहान आकडा धरायचा.

दीड महिन्याने गेले तेव्हा दार आकड्यावर होतं आणि पडद्याची कड पॅसेजच्या दिशेला हलत होती. मुलगा खालच्या पट्टीवर उभा राहून बघत होता, वर जायला काही सापडत नव्हतं. बेडरूमच्या काचेच्या ट्रॅकवरच्या दोन खुणांपैकी एक पुसली गेली होती, ती मी पुन्हा करून आले. आजींच्या कुंड्या आता पॅसेजच्या सिलवर आल्या आहेत, पल्ला त्यांना अडतो म्हणून तो अर्धाच उघडतो. त्यावर मार्ग अजून निघालेला नाही.